नव्या ड्रॉपचे मराठी-इंग्रजी मिश्र कॅप्शन: खानदेशातील स्ट्रीटवेअर ब्रँडसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅप्शनमध्ये मराठी आणि इंग्रजी यांचे प्रमाण किती असावे?

प्रमाण ठरवून लिहायला बसले की कॅप्शन हमखास ओढूनताणून केल्यासारखे वाटते, कारण जळगावच्या महाविद्यालयाबाहेर चहा घेत बोलणारी मुले-मुली निम्मे शब्द मराठी आणि निम्मे इंग्रजी अशा हिशेबाने बोलत नाहीत. त्यांच्या वाक्याचा सांगाडा मराठीच असतो. क्रियापद मराठी, विभक्तीचे प्रत्यय मराठी, शब्दांचा क्रमही मराठी असतो आणि त्या सांगाड्यात काही नामे व विशेषणे इंग्रजीतून येऊन बसलेली असतात. ‘हुडी मस्त आहे, पण स्लीव्ह लांब वाटतेय’ या वाक्यात दोन इंग्रजी शब्द आहेत, तरी वाक्य पूर्णपणे मराठी आहे. म्हणून इंग्रजी किती आहे याऐवजी वाक्य कोणत्या भाषेच्या सांगाड्यावर उभे आहे हे पाहावे. सांगाडा मराठी ठेवला तर चार इंग्रजी शब्दही खटकत नाहीत. सांगाडा इंग्रजी ठेवून त्यावर मराठी शब्द लावले तर एकच शब्द खटकायला पुरेसा होतो.

‘गेट रेडी फॉर आमचा नवा ड्रॉप’ हे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण आहे. यात ‘आमचा नवा’ हे दोन मराठी शब्द इंग्रजी वाक्याच्या पोटात अडकले आहेत आणि बोलताना असे कोणीही म्हणत नाही. याउलट ‘नवा ड्रॉप शनिवारी येतोय’ हे वाक्य कोणत्याही वर्गमित्राच्या तोंडी शोभेल.

मग कोणते इंग्रजी शब्द ठेवायचे आणि कोणते टाळायचे?

कसोटी सोपी आहे: गिऱ्हाईक दुकानात किंवा मेसेजमध्ये तो शब्द स्वतःहून वापरते का? ड्रॉप, साइज, फिट, ओव्हरसाइज्ड, प्रिंट, स्टॉक, रिस्टॉक, पीस, ऑर्डर, एक्सचेंज आणि सीओडी हे शब्द मुलांच्या रोजच्या चौकशीत येतात, त्यामुळे ते जसेच्या तसे ठेवावेत. ‘ओव्हरसाइज्ड’ऐवजी ‘सैलसर’ लिहिले तर शब्द शुद्ध होईल. पण सैलसर कपडा चुकीच्या मापाचाही असू शकतो आणि ओव्हरसाइज्ड कपडा मात्र मुद्दाम तसा कापलेला असतो. शब्द बदलल्याने इथे अर्थही सरकतो.

टाळायचे ते जाहिरातीच्या कारखान्यातून येणारे शब्द. ‘एलिव्हेट करा’, ‘ग्रॅब करा’, ‘एक्सप्लोर करा’, ‘अनलीश करा’ ही क्रियापदे इंग्रजी जाहिरातीत चालतात. मराठी बोलणारे माणूस कपडा ‘घेते’, ‘घालून बघते’, ‘मागवते’ किंवा ‘ऑर्डर करते’. इंग्रजी शब्दाला ‘करणे’ जोडून मराठीत नवी क्रियापदे सहज तयार होतात, पण तसे शक्य आहे म्हणून प्रत्येक क्रियापद बोलीत रुजलेले असतेच असे नाही. माझ्या मते मिश्र कॅप्शन पहिल्यांदा क्रियापदातच बिघडते, म्हणून मसुदा तपासताना आधी फक्त क्रियापदांवर नजर फिरवावी.

इंग्रजी शब्दांना मराठी प्रत्यय, लिंग आणि अनेकवचन कसे लावावे?

इंग्रजी शब्द मराठीत आला की त्याला लिंग मिळते, आणि ते चुकले की वाचणाऱ्याला चूक नेमकी सांगता आली नाही तरी वाक्य परके वाटते. टी-शर्ट ‘घातला’, हुडी ‘घातली’, जॅकेट ‘घातले’, जीन्स ‘घातली’ आणि स्नीकर्स ‘घातले’ असे आपण म्हणतो. ड्रॉप ‘आला’ असे पुल्लिंगी रूप रुळले आहे. ‘साइज’ या शब्दाबाबत मात्र ‘कोणती साइज’ आणि ‘कोणता साइज’ अशी दोन्ही रूपे कानावर पडतात. त्यातले एक निवडावे आणि पूर्ण पानावर तेच चालवावे.

जुने आणि नवे शब्द प्रत्ययापुढे वेगळे वागतात, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ‘शर्ट’ हा शब्द इतका मुरला आहे की आपण ‘शर्टाची बाही’ असे सामान्यरूप करूनही म्हणतो. ‘ड्रॉप’ मात्र नवा आहे, म्हणून ‘ड्रॉपाची’ न म्हणता ‘ड्रॉपची’ असे थेट प्रत्यय लावून म्हणतो. अनेकवचनात ‘दोन टी-शर्ट घेतले’ हे ‘दोन टी-शर्ट्स घेतले’ यापेक्षा मोकळे वाटते, कारण मराठीत व्यंजनाने संपणारी पुल्लिंगी नामे अनेकवचनात बदलत नाहीत. ‘हुडी’चे ‘हुड्या’ असे अनेकवचन वडी-वड्याच्या चालीवर होते आणि ते वापरायला संकोच बाळगण्याचे कारण नाही.

लिहिताना प्रत्यय शब्दाला चिकटवून लिहावा. ‘ड्रॉप ची’, ‘हुडी मध्ये’ अशी तुटक रूपे फोनच्या कीबोर्डमुळे पसरली आहेत आणि त्यांनी कॅप्शन घाईत लिहिल्यासारखे दिसते.

एखाद्या ड्रॉपचे कॅप्शन प्रत्यक्ष कसे घडते, हे उदाहरणाने दाखवता येईल का?

समजा जळगावातील एका लहान ब्रँडचा दिवाळीआधीचा ड्रॉप आहे. माल एकच: 240 जीएसएम कापडाचा, म्हणजे चौरस मीटरला 240 ग्रॅम वजनाचा, ओव्हरसाइज्ड सुती टी-शर्ट. पाठीवर उमललेल्या कपाशीच्या बोंडाचे चित्र आहे, पुढची बाजू कोरी आहे. रंग दोन, मापे एसपासून डबल एक्सएलपर्यंत, किंमत 899 रुपये आणि विक्री शनिवारी संध्याकाळी सात वाजता सुरू.

पहिला मसुदा बहुधा असा येतो: ‘द वेट इज ओव्हर! आमचे नवे कलेक्शन आता लाइव्ह आहे. एलिव्हेट करा तुमची स्ट्रीट स्टाइल. भावांनो, रेडी आहात का?’ यात एकही शब्द अवघड नाही, तरी चार गोष्टी बिघडल्या आहेत. पहिले वाक्य पूर्ण इंग्रजी असून ते जगातल्या कोणत्याही ब्रँडचे असू शकते. ‘एलिव्हेट करा तुमची’ या रचनेत क्रियापद आधी आणि कर्म नंतर आले आहे, जे मराठी बोलण्यात ठरावीक भावनिक जोर असल्याशिवाय येत नाही. ‘भावांनो’ म्हटल्याबरोबर मुली बाहेर राहिल्या. आणि सगळ्यांत मोठी उणीव म्हणजे कपडा कसा आहे, कधी मिळणार आणि किती रुपयांचा आहे, यांपैकी काहीही कळले नाही.

या मसुद्याला कंटाळून काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि ‘नूतन वस्त्रसंग्रह सादर करीत आहोत’ असे लिहितात. ही भाषा शुद्ध आहे, पण ती निमंत्रणपत्रिकेची आहे आणि अठरा-वीस वर्षांच्या गिऱ्हाइकाला ती आपल्याशी बोलत असल्यासारखी वाटत नाही. तिसरा मसुदा ‘नाद खुळा ड्रॉप, एकदम कडक’ असा होतो. ‘नाद खुळा’ हा कोल्हापूरकडचा ठसा आहे. तो महाराष्ट्रभर समजतो, पण जळगावच्या ब्रँडच्या तोंडी तो उसना वाटतो.

पुन्हा लिहायला बसताना आधी वस्तू आणि वेळ सांगावी आणि मग वाक्याला चाल द्यावी. असे कॅप्शन पुढीलप्रमाणे होऊ शकते:

‘शनिवारी संध्याकाळी सातला ड्रॉप.
पाठीवर कपाशीचं बोंड, पुढून एकदम प्लेन.
कट ओव्हरसाइज्डच आहे, त्यामुळे तुझी नेहमीचीच साइज घे.
240 जीएसएम कॉटन. ब्लॅक आणि मातकट ब्राऊन. एस ते डबल एक्सएल. 899 रुपये.
लिंक बायोत.’

पहिल्या ओळीत क्रियापदच नाही, आणि ते चालते, कारण ‘रविवारी मॅच’, ‘उद्या पेपर’ असे आपण बोलतोच. ‘प्लेन’ हा शब्द ठेवला, कारण कपड्याच्या दुकानात कोणी ‘कोरा टी-शर्ट दाखवा’ असे म्हणत नाही. ‘मातकट’ हा शब्द मात्र मराठीच ठेवला, कारण नुसत्या ‘ब्राऊन’मधून चॉकलेटीपासून खाकीपर्यंत काहीही समजले जाऊ शकते आणि ‘मातकट’ म्हटल्यावर रंगाची छटा डोळ्यांपुढे येते. तिसरी ओळ सर्वांत उपयोगाची आहे. ओव्हरसाइज्ड कपड्यात सैलपणा कापतानाच धरलेला असतो, तरी अनेक जण आणखी एक माप मोठे मागवतात, खांदा कोपरापर्यंत उतरतो आणि मग एक्सचेंजचा मेसेज येतो. मिश्र भाषेचा खरा फायदा इथे होतो, कारण ही सूचना माहितीपत्रकातल्यासारखी न वाटता मित्राने सांगितल्यासारखी वाटते.

पहिली ओळ इतकी महत्त्वाची का मानली जाते?

इन्स्टाग्रामवर कॅप्शनची मर्यादा 2,200 अक्षरचिन्हांची आहे, पण फीडमध्ये सुरुवातीचा थोडासा भागच दिसतो आणि उरलेला वाचण्यासाठी दाबावे लागते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हे वेगवेगळे चिन्ह म्हणून मोजले जातात, त्यामुळे डोळ्यांना लहान दिसणारा शब्दही मोजणीत लांब भरतो. म्हणून वार आणि वेळ सुरुवातीलाच द्यावी. कॅप्शनमध्ये टाकलेला दुवा दाबता येत नाही, त्यामुळे ‘लिंक बायोत’ ही ओळ शेवटी पुरेशी आहे आणि तिचे आणखी मराठीकरण करण्याची गरज नाही.

गिऱ्हाइकाला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’?

ड्रॉपच्या कॅप्शनमध्ये ‘तू’ योग्य वाटते. खानदेशात सोळा ते पंचविशीतले तरुण आपसांत ‘तू’नेच बोलतात आणि ब्रँडचा आवाजही त्याच वयाचा असतो. पैसे, परतावा किंवा तक्रार यांबद्दल उत्तर देताना मात्र ‘तुम्ही’वर यावे, कारण तिथे बोलणारा मित्र नसून व्यवहारातला जबाबदार पक्ष असतो. हे दोन्ही एकाच कॅप्शनमध्ये मिसळू नयेत. ‘तुमची साइज निवड’ अशी वाक्ये घाईत सहज सुटतात.

त्याहून सूक्ष्म अडचण लिंगाची आहे. इंग्रजीत ‘यू’ म्हटले की मुलगा-मुलगी दोघेही आले, पण मराठीत ‘तू कुठे होतास’ हे मुलाला आणि ‘कुठे होतीस’ हे मुलीला उद्देशून होते. ‘घालतोस’ आणि ‘घालतेस’ यांतही तोच भेद आहे. यावर तिरक्या रेघेने दोन्ही रूपे लिहिणे हा कुरूप उपाय आहे. त्यापेक्षा लिंगभेद नसलेली रूपे निवडावीत. आज्ञार्थात भेद नसतो: ‘घे’, ‘बघ’, ‘घालून बघ’. द्वितीय पुरुषी भविष्यकाळातही नसतो: ‘घेशील’, ‘घालशील’, ‘येशील’. ‘कॉलेजच्या गॅदरिंगला हा घालशील ना?’ हे वाक्य कोणालाही वगळत नाही आणि त्यात काही टाळले आहे हेही जाणवत नाही. ‘भावा’ हे संबोधन मात्र जपून वापरावे, कारण ओव्हरसाइज्ड कपडे मुलीही तितक्याच हौसेने घेतात.

कॅप्शनमध्ये अहिराणी वापरावी का?

वापरावी, पण ती येत असेल तर. खानदेश म्हणजे सरसकट अहिराणी, असेही नाही. धुळे, नंदुरबारचा सपाट भाग आणि जळगाव जिल्ह्यातील अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या पट्ट्यांत अहिराणी ऐकू येते. यावल, रावेर, भुसावळकडे लेवा गणबोली आहे. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे भिली आणि पावरी बोलल्या जातात. आपले गिऱ्हाईक कुठले आहे हे आधी पाहावे आणि ज्या गावी पार्सले जास्त जातात तिथली बोली कोणती, याचा विचार करावा.

दुसरी गोष्ट म्हणजे अहिराणीचा एखादा शब्द मराठी वाक्यात शोभेसाठी टोचू नये, तर पूर्ण वाक्य अहिराणीत लिहावे. ‘तुनी साइज शे ना?’ हे वाक्य पाहा. ‘तुनी’ आणि ‘शे’ ही अहिराणीची स्वतःची रूपे आहेत आणि त्यात ‘साइज’ हा इंग्रजी शब्द प्रमाण मराठीइतकाच सहज बसतो. ‘आते माले बी जोयजे’, म्हणजे ‘आता मलाही पाहिजे’, हे वाक्य संपलेला माल पुन्हा आल्याच्या कॅप्शनला चांगली सुरुवात ठरेल, कारण मित्राच्या अंगावर टी-शर्ट पाहिलेला मुलगा तसेच म्हणेल. याउलट ‘तुझी साइज शे का’ असे अर्धे मराठी, अर्धे अहिराणी लिहिले, तर घरात अहिराणी बोलणाऱ्याला ते लगेच कळते आणि आपली बोली पोशाखासारखी अंगावर चढवली आहे असे वाटते.

तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. घरात अहिराणी बोलणारी अनेक मुले शहरात आल्यावर ती लपवतात, कारण तिच्यावर हसले गेलेले असते. ब्रँडने ती फक्त विनोदाच्या पोस्टला वापरली आणि किंमत, माप, माहिती यांसाठी कधीच वापरली नाही, तर तेच हसू पुढे चालू राहते. अहिराणी वापरायची असेल तर साध्या, कामाच्या वाक्यातही वापरावी, आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी ती घरात बोलणाऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्यावी.

खानदेशी संदर्भ किती आणि कसे आणावेत?

संदर्भ कपड्यात असेल तरच कॅप्शनमध्ये यावा. पाठीवर बोंडाचे चित्र असेल तर कपाशीबद्दल लिहिणे स्वाभाविक आहे. चित्र न्यूयॉर्कच्या भिंतीचे असेल तर कॅप्शनमध्ये केळी, भरीत आणि शेवभाजी आणून ते खानदेशी होत नाही. ऋतूचे भानही ठेवावे. मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा जाड हुडीचे ‘विंटर वाइब्ज’ कॅप्शन कोणी मनावर घेत नाही.

कपाशीबाबत एक काळजी आवर्जून घ्यावी. अनेक गिऱ्हाइकांच्या घरी कापूस पिकतो आणि भावाचा प्रश्न त्यांच्या घरखर्चाशी जोडलेला असतो. ‘पांढऱ्या सोन्याची शान’ असले वाक्य ऐन वेचणीच्या दिवसांत, भाव पडलेला असताना टाकले, तर खाली येणाऱ्या प्रतिक्रिया कपड्याबद्दल नसतील. ‘पाठीवर कपाशीचं बोंड’ एवढेच म्हणणे पुरेसे आहे, आणि ते खरेही आहे.

लिपी देवनागरी ठेवावी की रोमन?

दोन्ही चालतात, पण एका वाक्यात एकच लिपी ठेवावी. मुले एकमेकांना मराठी मेसेज रोमन लिपीत पाठवतात हे खरे आहे, तरी रोमनमध्ये मराठीचे स्पेलिंग प्रत्येकाचे वेगळे असते आणि ‘न’ व ‘ण’, ‘ल’ व ‘ळ’ हे भेद पुसले जातात. देवनागरीत ‘हुडी’, ‘ड्रॉप’ आणि ‘साइज’ अडखळल्याशिवाय वाचले जातात, म्हणून माझी पसंती देवनागरीला आहे. रोमनच ठेवायची असेल तर नेहमीच्या शब्दांची स्पेलिंगे एकदा ठरवून लिहून ठेवावीत, म्हणजे प्रत्येक पोस्टला आवाज बदलणार नाही.

कोणता मजकूर मिश्र भाषेत लिहू नये?

एक्सचेंजची मुदत, परताव्याच्या अटी आणि धुण्याच्या सूचना सरळ मराठीत, पूर्ण वाक्यांत लिहाव्यात. ‘एक्सचेंज सीन आहे, टेन्शन नको’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने आणि वापरलेला कपडा चालेल का, यांपैकी काहीच त्यातून कळत नाही आणि वाद झाला की हेच वाक्य गिऱ्हाईक पुढे करते. ‘लिमिटेड’ या शब्दाबाबतही तेच. पुढच्या महिन्यात तोच माल पुन्हा छापणार असाल तर ‘परत येणार नाही’ असे लिहू नये. मोजकेच पीस असतील तर आकडा द्यावा.

कॅप्शन ओढूनताणून केलेले वाटते आहे, हे प्रसिद्ध करण्यापूर्वी कसे ओळखावे?

ते मोठ्याने वाचावे, आणि ब्रँडशी संबंध नसलेल्या, गिऱ्हाइकाच्याच वयाच्या एखाद्या व्यक्तीला वाचायला द्यावे. ती जिथे थांबेल, आवाज बदलेल किंवा जाहिरातीचा सूर लावेल, तिथे वाक्य खोटे आहे. त्यानंतर तिला फोन बाजूला ठेवून हा ड्रॉप मित्राला कसा सांगशील, असे विचारावे. तिने स्वतः वापरलेले शब्द बहुतेक वेळा मसुद्यापेक्षा बरे असतात.

प्रसिद्ध झाल्यानंतरची खूण मेसेजमध्ये सापडते. किंमत लिहिलेली असूनही ‘प्राइस?’ असे विचारणारे मेसेज येत राहिले, तर ती ओळ फार खाली गेली आहे किंवा सजावटीत हरवली आहे. कॅप्शनमधला एखादा वाक्प्रयोग लोक प्रतिक्रियांत स्वतःहून वापरू लागले, तर तो त्यांच्या तोंडी बसला असे समजावे. तरी तो पुढच्या प्रत्येक पोस्टला लावू नये.

माल संपल्यावर किंवा पुन्हा आल्यावर काय लिहावे?

संपल्याचे कॅप्शन लहान आणि नेमके असावे: ‘एल आणि एक्सएल संपल्या. एममध्ये ब्राऊनचे थोडे पीस आहेत.’ इथे ‘सोल्ड आउट’ लिहिले तरी चालते, पण मापानुसार सांगायचे असेल तर ‘संपल्या’ हे क्रियापद जास्त सोयीचे पडते, कारण त्यामागून लगेच दुसरे वाक्य मराठीतच पुढे नेता येते. पुन्हा आल्याच्या कॅप्शनमध्ये काय बदलले तेवढेच सांगावे: ‘रिस्टॉक झालाय. गळा आधी सैल पडत होता, आता घट्ट शिवलाय. साइज चार्ट तोच.’ ज्याने पहिल्या वेळी मेसेज करून तो गळा दाखवला होता, त्याला हे कॅप्शन टाकण्याआधी स्वतंत्र मेसेज पाठवावा.